गाव सुटले, डोस राहिले : आता पुढची लस कधी आणि कुठे?

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही वाशीम जिल्ह्यातले. तीन महिन्यांपासून नाशिकला बांधकामावर आहोत. मालक मिस्त्रींच्या हाताखाली आहेत आणि मी बिगारी काम करते. मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. जन्मल्यावरच्या लसी आणि दीड महिन्याचा डोस गावीच झाला, पण पुढचे दोन राहून गेले. कार्ड माझ्याजवळ आहे. मालक म्हणतात की दिवाळीला गावी जाऊ तेव्हा सगळं परत पहिल्यापासून सुरू करू, तोपर्यंत स्टँडवर पोलिओ पाजलाय तेवढं पुरे. इथल्या दवाखान्यात आमचा कागद नाही, पत्ता नाही. शिवाय लस दिली की लेकरू रात्रभर रडतं आणि दुसऱ्या दिवशी माझा खाडा पडतो. दोन महिन्यांनी ही साईटही संपणार आहे. काय करू?

उत्तर : ताई, पहिल्यापासून काहीही सुरू करावे लागत नाही. दीड महिन्याला मिळालेला डोस वाया गेलेला नाही. तो आजही पहिलाच धरला जाईल आणि आता जो मिळेल तो दुसरा असेल. दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे जावे लागतात, कारण पहिल्या डोसाने शरीराला त्या रोगाची ओळख होऊन त्याविरुद्धची ताकद तयार व्हायला तेवढा वेळ लागतो आणि त्याआधी दिलेला पुढचा डोस नीट लागू पडत नाही. मात्र चाराऐवजी बारा आठवडे गेले, तरी आधीची ओळख पुसली जात नाही. उशिराचे नुकसान वेगळे आहे : मधल्या काळात बाळ अर्धवट सुरक्षित असते. पेंटाची सुई ज्या पाच रोगांपासून वाचवते, त्यांपैकी डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सर्वांत जड जातो. म्हणून दिवाळीपर्यंत थांबू नका. तुमच्या बाळाला ज्या महिन्यांत या लसीची गरज सर्वाधिक आहे, नेमके तेच महिने त्या थांबण्यात निघून जातील.

स्टँडवर पाजलेल्या थेंबांबद्दलही स्पष्ट सांगते. मोहिमेत मिळणारे पोलिओचे थेंब चांगले आहेत आणि जितक्या वेळा कोणी पाजायला येईल तितक्या वेळा पाजून घ्यावेत, परंतु ते वेळापत्रकात मोजले जात नाहीत. त्या थेंबांत फक्त पोलिओ आहे. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ, न्यूमोनिया किंवा रोटाव्हायरसचे जुलाब यांच्यासाठी त्यांत काहीही नसते. करंगळीवर शाई दिसली की लस झाली, असे बांधकामावरच्या अनेक घरांत समजले जाते आणि मग कार्डावरचे रकाने कोरे राहतात.

तुमच्यासारख्याच एका जोडप्याची हकीकत इथे सविस्तर सांगते, कारण तुमच्या बहुतेक शंकांची उत्तरे तिच्यात आहेत. हे दोघे हिंगोली जिल्ह्यातले. त्यांची मुलगी 3 जून 2024 रोजी ग्रामीण रुग्णालयात जन्मली. तिथेच तिला डाव्या दंडावर बीसीजी, मांडीत काविळीची सुई आणि तोंडाने पोलिओचे थेंब मिळाले. त्यांच्या गावात लसीकरण मंगळवारी होत असे, म्हणून दीड महिन्याचा डोस 16 जुलैला आणि अडीच महिन्यांचा 13 ऑगस्टला झाला. तिसरा 10 सप्टेंबरला घ्यायचा होता. परंतु पोळा झाला, मुकादमाची उचल घेतलेली होती, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात हे कुटुंब पुण्याजवळ वाघोलीच्या एका साईटवर पत्र्याच्या खोलीत येऊन राहिले. तीन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला, खोलीत पाणी शिरले आणि पिशवीतल्या इतर कागदांबरोबर बाळाचे कार्डही गेले.

यानंतर दीड महिना त्यांनी काहीच केले नाही. कार्ड नाही म्हणजे आपल्याला दारातूनच परत पाठवतील, अशी त्या आईची पक्की समजूत झाली होती. ही भीती अगदीच निराधार नसते, कारण गर्दीच्या वेळी कुणी तरी तिरसटपणे "कार्ड आणा, मग या" असे म्हणून जाते. नियम मात्र तसा नाही. सरकारी केंद्रात बाळाची लस मोफत आहे आणि तिच्यासाठी रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड किंवा आधार यांची अट नाही. बाळ समोर आहे आणि डोसाची वेळ झालेली आहे, एवढे पुरते. तुमच्याजवळ कार्ड आहे, म्हणजे तुमचे काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे. तरीही कुणी पत्ता विचारलाच, तर साईटचे नाव आणि ठेकेदाराचे नाव सांगा. बांधकामाच्या साईट, वीटभट्ट्या आणि पालांच्या वस्त्या यांची यादी प्रत्येक आरोग्य केंद्राने ठेवायची असते आणि तिथली मुले त्या केंद्राचीच मुले मानली जातात.

त्यांना केंद्र सापडले ते पोलिओच्या मोहिमेमुळे. थेंब पाजायला आलेल्या दोघी बायका पत्र्यावर खडूने खूण करत होत्या. त्यांच्यापैकी एकीला या आईने विचारले की तुम्ही कुठून आलात. मोहिमेतली माणसे त्या भागाच्या केंद्राकडूनच येतात, त्यामुळे पत्ता, वार आणि वेळ तिथल्या तिथे कळली. तुमच्या साईटवर मोहीम येण्याची वाट पाहू नका. जवळच्या अंगणवाडीत जाऊन सेविकेला "इथे बाळांचं लसीकरण कोणत्या वारी आणि कुठे असतं?" एवढे विचारा. शहरात महापालिकेचा दवाखाना, नागरी आरोग्य केंद्र किंवा कधी अंगणवाडीतच सत्र भरते आणि ते सेविकेला हमखास ठाऊक असते. दवाखान्याच्या मोठ्या इमारतीत केसपेपरच्या रांगेपासून चौकशी सुरू केली, तर अर्धा दिवस तिथेच जातो.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते केंद्रावर गेले तेव्हा मुलगी साडेपाच महिन्यांची झाली होती. तिथल्या सिस्टरने कार्डाविना जे केले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तिने आधी बाळाचा डावा दंड पाहिला. तिथे बीसीजीचा बारीक व्रण होता, म्हणजे जन्माच्या वेळची ती लस नक्की झाली होती. (व्रण उमटला नाही, तरी बीसीजी पुन्हा द्यावी लागत नाही, त्यामुळे काही आयांना वाटते तशी ती चिंतेची बाब नाही.) मग तिने आईला विचारले, "गावी पहिल्या वेळी किती सुया टोचल्या आणि दुसऱ्या वेळी किती?" आई म्हणाली, "पहिल्या वेळी तीन, दोन मांड्यांना आणि एक हाताला. दुसऱ्या वेळी एकच, डाव्या मांडीला."

या एका उत्तरात सगळे आले. दीड महिन्याला डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची छोटी सुई अशा तीन सुया असतात. अडीच महिन्यांना फक्त पेंटाची एक सुई असते. साडेतीन महिन्यांना पुन्हा तीन सुया असतात. पोलिओ आणि रोटाचे डोस तिन्ही वेळा तोंडाने दिले जातात. आईला लसीचे नाव आठवत नाही, तारीखही आठवत नाही, पण बाळाला किती वेळा टोचले आणि कुठे टोचले हे ती विसरत नाही. तीन आणि नंतर एक, म्हणजे दोन वेळा लस झाली असून तिसरी राहिली आहे, असे सिस्टरला कळले.

तरी तेवढ्यावर तिने काम सुरू केले नाही आणि ते योग्यच केले. आठवण दिशा दाखवते, पण नोंद म्हणून लेखी पुरावाच चालतो. वडिलांच्या फोनमध्ये गावच्या आशाताईंचा नंबर होता. सिस्टरने तिथूनच फोन लावला. गावच्या केंद्रावर कार्डाचा अर्धा भाग आणि रजिस्टर अशी दोन्हींत नोंद असते. आशाताईंनी नर्सबाईंकडून त्या पानाचा फोटो मागवून घेतला आणि तासाभरात तो मोबाईलवर आला : 16 जुलै आणि 13 ऑगस्ट. सिस्टरने नवे कार्ड काढले, त्यावर जन्माच्या लसी आणि या दोन तारखा उतरवल्या आणि त्याच दिवशी तिसरा डोस दिला, म्हणजे पेंटा, पीसीव्ही, पोलिओची सुई, पोलिओचे थेंब आणि रोटा. हे सगळे एकाच बैठकीत देता येते. आज दोन आणि आठवड्याने दोन असे तुकडे केले की रोजंदारीवरची आई दुसऱ्यांदा येतेच असे नाही, म्हणून तसे करू नये.

गावाकडून नोंद मिळालीच नसती तर? तर ज्या लसींचा लेखी पुरावा नाही, त्या झालेल्या नाहीत असे धरून सिस्टर पुढे गेली असती. एखादा डोस जास्तीचा झाला, तर त्याने बाळाचे नुकसान होत नाही. डोस राहून गेला, तर मात्र होते.

संगणकावरच्या नोंदीबद्दलही या जोडप्याचा अनुभव उपयोगी आहे. आता लसीकरणाची नोंद यू-विन या सरकारी प्रणालीत होते आणि मोबाईल नंबर टाकला की देशात कुठेही बाळाचे डोस दिसावेत, अशी तिची रचना आहे. या मुलीचे नाव मात्र वडिलांच्या नंबरवर सापडले नाही. गावी नोंद करताना घरात फोन नव्हता, म्हणून दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर दिला गेला होता. सिस्टरने स्क्रीन बाजूला ठेवून कागदावर काम केले आणि वडिलांचा नंबर नव्याने नोंदवला. तुम्हीही नाशिकला गेल्यावर विचारून घ्या की बाळाची नोंद कोणत्या नंबरवर आहे. जो नंबर तुम्ही वर्षभर बदलणार नाही, तोच द्या. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदलत राहिले की ही सोय हातची जाते. स्क्रीनवर नाव दिसले नाही, तरी लस थांबत नाही, हे तेवढेच लक्षात असू द्या.

आता तुमच्या बाळाचे पाहू. या आठवड्यात जे सत्र असेल, त्यात त्याला दुसरी पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटाचा दुसरा डोस मिळेल. त्यानंतर चार आठवड्यांनी तिसरा. पीसीव्ही आणि पोलिओच्या सुईचा दुसरा डोस आत्ता द्यायचा की चार आठवड्यांनी, हे सिस्टर पहिल्या डोसाची तारीख पाहून ठरवतील, म्हणून कार्ड घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या आणि तारखेचा आकडा पुसट झाला असेल, तर तोंडाने अंदाज सांगू नका. सगळे मिळून नाशिकमध्ये दोन फेऱ्या होतील आणि साईट संपायच्या आत पहिल्या वर्षातला हा टप्पा पूर्ण होईल. रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हावा लागतो. तुमचा तो झालेला आहे, म्हणून पुढचे दोन मिळतील. ज्यांचा तो झालाच नाही आणि बाळ वर्षाचे झाले, त्यांना नंतर तो दिला जात नाही. सगळ्याच लसी "कधीही घेऊ" अशा नसतात, याचे हे एक उदाहरण आहे.

खाड्याचा प्रश्न मी हलका मानत नाही. एक रोज बुडणे म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पेंटानंतर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत ताप येणे, मांडी दुखणे आणि बाळ किरकिरे होणे हे नेहमीचे आहे आणि ते आपोआप ओसरते. म्हणून शक्य असेल, तर सत्र सुटीच्या आदल्या दिवशी असलेले निवडा. एकाच केंद्राची आठवड्यात दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या वारी सत्रे असतात आणि त्यांतले कोणतेही तुम्हाला चालते. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. तापाचे औषध सिस्टरकडून घ्या आणि किती द्यायचे, किती तासांनी द्यायचे हे बाळाच्या वजनाप्रमाणे त्यांच्याकडूनच विचारून घ्या. शेजारच्या बाळाला दिलेले माप तुमच्या बाळाला लागू होईलच असे नाही. टोचलेली जागा चोळू नका, तिथे हळद किंवा तेल लावू नका, अंगावरचे पाजत राहा. बाळ तीन तासांहून अधिक काळ थांबता थांबत नाही असे रडले, झटका आला, निपचित पडले किंवा ताप उतरेना झाला, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. असे क्वचितच होते, पण ते ओळखता आले पाहिजे.

बाळाला थोडी सर्दी आहे, बारीक ताप आहे किंवा पातळ शी होते आहे म्हणून डोस पुढे ढकलू नका. उडणारी धूळ आणि सिमेंट यांच्यात राहणाऱ्या बाळाला सर्दी या ना त्या दिवशी असतेच. बाळ फारच आजारी, निस्तेज असेल तर ते सिस्टर पाहतील आणि ठरवतील. तुम्ही घरी बसून ठरवू नका.

त्या जोडप्याच्या हकिकतीचा खरा कठीण भाग यापुढचा आहे आणि तुमच्याही वाटेत तो येणार आहे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो. त्याच वेळी पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या सुईचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस मिळतो. त्यांच्या मुलीचे नऊ महिने 3 मार्च 2025 ला भरत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस वाघोलीचे काम संपले आणि मुकादमाने त्यांना मोशीला हलवले. अंतर फार नाही, परंतु वाघोली पुणे महापालिकेत आणि मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते, त्यामुळे केंद्र वेगळे, सिस्टर वेगळी आणि वारही वेगळा. शिवाय होळीला, म्हणजे 13 मार्चला, गावी जायचे ठरलेले होते. हातात जेमतेम दहा दिवस होते.

या वेळी आई अंगणवाडीत विचारून थेट केंद्रावर गेली. तारीख होती 4 मार्च. तिथे तिला सांगण्यात आले की गोवरची बाटली आज फोडणार नाही, गुरुवारी या. वडिलांनी त्यासाठी खाडा केला होता, त्यामुळे घरी यावरून बरेच बोलणे झाले. असे का होते, ते सांगते. पेंटा, पीसीव्ही किंवा पोलिओची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली, तर नियमाप्रमाणे चार आठवड्यांपर्यंत पुढच्या सत्रांत वापरता येते. गोवर-रुबेला आणि बीसीजी या भुकटीच्या लसी आहेत. त्यांत पाणी मिसळले की चार तासांत त्या संपवायच्या किंवा टाकून द्यायच्या असतात, कारण त्यांत जंतू वाढून बाळांना धोका होऊ शकतो. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात, आणि एकाच बाळासाठी ती फोडली की बाकीचे वाया जातात, म्हणून पुरेशी बाळे जमेपर्यंत थांबण्याकडे कल होतो. सरकारी सूचना मात्र स्पष्ट आहे की एक बाळ आले, तरी बाटली फोडावी. माझ्या मते त्या दिवशी ती फोडायला हवी होती. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब करता येतो, परत गेलेले फिरस्तीचे बाळ मात्र पुन्हा येईल याची खात्री कुणालाच देता येत नाही.

तुम्ही वाद घालत बसू नका, पण एवढे नक्की म्हणा : "सिस्टर, आम्ही या तारखेला गावी चाललोय, त्याआधी द्यायला जमेल असं करा." जाण्याची तारीख सांगितली की बहुतेक सिस्टर वाट काढतात. आणि केंद्रावर जाण्याच्या आदल्या दिवशीच अंगणवाडीत "गोवरची सुई कोणत्या वारी असते?" असे नेमके विचारून ठेवा. लसीकरण कोणत्या वारी असते, एवढेच विचारले तर या एका लसीपुरते उत्तर अपुरे निघू शकते. त्या आईने गुरुवारी, 6 मार्चला, मुलीला पुन्हा नेले आणि सगळे डोस झाले. वडील त्या दिवशी कामावर होते. शेजारच्या खोलीतल्या बाईला तिच्याही दहा महिन्यांच्या मुलासह तिने सोबत घेतले होते, आणि दोन बाळे पाहून सिस्टरलाही बाटली फोडणे सोपे गेले.

नऊ महिन्यांच्या आधी ही सुई घाईने घेऊ नका, गावी जायचे असले तरी. आईकडून पोटात मिळालेली ताकद बाळाच्या अंगात तोवर शिल्लक असते आणि ती लसीला नीट काम करू देत नाही. मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवरची साथ आली, तेव्हा साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याचे ठरले होते. परंतु तो साथीपुरता उपाय होता आणि त्या बाळांनाही नऊ महिन्यांनंतरचा डोस घ्यावाच लागतो. दाटीने राहणाऱ्या पत्र्याच्या खोल्यांत गोवर एकाला झाला की भराभर पसरतो. म्हणूनच नऊ महिने भरल्यावर मात्र एक आठवडाही लांबवू नये.

त्यांचा त्यापुढचा डोस सोळा महिने पूर्ण झाल्यावर होता : गोवर-रुबेलाचा दुसरा, ट्रिपलचा बूस्टर, पोलिओचे थेंब आणि जीवनसत्त्व अ. तो 3 ऑक्टोबर 2025 नंतर केव्हाही घेता आला असता. दसऱ्याला ते गावी गेले होते, म्हणून मोशीला परतण्याची वाट न पाहता गावच्या मंगळवारच्या सत्रात, 7 ऑक्टोबरला, तो घेतला. गावच्या नर्सबाईंनी पुण्यात केलेले कार्ड पाहिले, त्यावर तारीख घातली आणि तोच तपशील आपल्या रजिस्टरमध्येही उतरवला. एकाच मुलीचे डोस तीन केंद्रांवर झाले आणि कुठेच काही पुन्हा करावे लागले नाही, कारण प्रत्येक ठिकाणी आधीच्या तारखा समोर होत्या.

गाव आणि शहर यांच्या यादीत एखादी लस कमीजास्त असू शकते, हेही माहीत असू द्या. जपानी मेंदूज्वराची लस राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत दिली जात नाही, फक्त ठरावीक जिल्ह्यांत दिली जाते. नवीन ठिकाणी नऊ महिन्यांना एखादी जादा सुई सांगितली, तर घाबरू नका. आणि ती मिळाली, तर तिचा दुसरा डोस पुढे कुठे मिळेल ते सिस्टरलाच विचारून कार्डावर लिहून घ्या.

तुमच्या मालकांनाही हे वाचून दाखवा. त्या मुलीच्या वडिलांनी एक काम केले होते, जे तुमच्याही मालकांना सहज जमेल. नवे कार्ड मिळाल्या दिवशी त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढला आणि तो स्वतःच्या भावाला आणि गावच्या आशाताईंना पाठवला. प्रत्येक डोसानंतर ते पुन्हा तसेच करत. फोन हरवला, खोलीत पाणी शिरले किंवा पिशवी ट्रकमध्ये राहिली, तरी तारखा कुणाकडे तरी शिल्लक असतात. शिवाय पुढच्या डोसाची तारीख सिस्टरकडून पेनाने लिहून घेऊन त्यांनी ती मुकादमाच्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लावली होती, म्हणजे त्या दिवशी सुटी मागताना नव्याने बोलावे लागत नव्हते. साईटवर लहान बाळे बरीच असतील, तर मुकादमाला किंवा साईटच्या इंजिनिअरला केंद्राला कळवायला सांगा. बाळांची संख्या आणि वये कळवली की केंद्र साईटवरच सत्र लावू शकते आणि कुणाचाच रोज बुडत नाही.

दोन महिन्यांनी नाशिक सोडाल तेव्हा तुमचा मुलगा साडेसहा महिन्यांच्या आसपास असेल आणि त्याचा पुढचा डोस नऊ महिने भरल्यावर, म्हणजे त्यानंतर साधारण अडीच महिन्यांनी असेल. ती तारीख आत्ताच मोजून कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मधल्या काळात मुकादम कुठे नेईल ते आज सांगता येणार नाही, पण जिथे नेईल तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अंगणवाडी शोधा आणि गोवरचा वार विचारून घ्या. या आठवड्यात नाशिकच्या सत्रात दुसरा डोस झाला की मला कार्डावरच्या तारखा कळवा. पीसीव्ही किंवा पोलिओच्या सुईबद्दल काही अडले, तर त्या तारखा पाहून पुढचे सांगेन.